एक धडा, चार रकाने

इतिहासाचा धडा मुखोद्गत असूनही त्यांतला इतिहास हातीं लागत नाहीं, याचा अनुभव आमच्या घरीं गेल्या श्रावणांत आला. तो प्रसंग घरगुती असला तरी त्यांतून जें निघालें तें इतर घरांतील मुलांच्याही उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून येथें सांगत आहों.

आम्ही सांगलीचे. घर एकत्र असल्यामुळें संध्याकाळीं दोन-तीन इयत्तांचे अभ्यास एकाच माजघरांत चालतात. आमची पुतणी आठवींत आहे. तिच्या आईचें माहेर साताऱ्याचें. तिचे तिकडचे आजोबा त्या वेळीं पंधरा दिवस आमच्याकडे राहावयास आले होते. मुलीची चाचणी परीक्षा जवळ आलेली, आणि सत्तावन सालच्या उठावाचा धडा ती येरझारा घालीत मोठ्यानें म्हणत होती. साताऱ्याचे छत्रपति निपुत्रिक वारले, म्हणून डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें, अशा अर्थाचें वाक्य आलें, तोंच आजोबांनीं हातांतलें वर्तमानपत्र खालीं ठेवलें.

“असें नाहीं बाळ. साताऱ्याचें राज्य गेलें तें प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उठवून काशीस पाठविलें तेव्हांच. दत्तकाचें तें नुसतें निमित्त. आमच्याकडे लहान पोरालाही हें ठाऊक असतें.”

“पण आजोबा, पुस्तकांत तर प्रतापसिंहांचें नांवच नाहीं! मग मी पेपरांत काय लिहूं?”

या प्रश्नाला कोणाजवळच उत्तर नव्हतें. पुस्तकांतलें लिहावें तर आजोबा खोटे ठरतात. आजोबांचें लिहावें तर गुण जाण्याची भीति. आमच्या मनांत आलें कीं, हा प्रश्न गुणांपुरता नाहीं. घरांतील वडील माणसें सांगतात तो इतिहास एक आणि पुस्तकांतला दुसरा, असें एकदां मुलांच्या मनानें घेतलें, कीं तीं एकावर विश्वास ठेवितात आणि दुसरा केवळ पाठ करितात. दोहोंपैकीं कशाचीही पारख करण्याची त्यांना संवयच लागत नाहीं. तेव्हां आम्हीं मध्यें पडून म्हटलें, “वाद राहूं द्या. हा धडा आपण मोडूं आणि पुन्हां मांडूं. मग कोणाचें म्हणणें कोठें बसतें तें पाहूं.” एका मोठ्या कागदावर पट्टीनें चार रकाने आंखले: तारीख, घटना, कारणें आणि परिणाम. दोन संध्याकाळ हें काम चाललें.

पहिलें काम निव्वळ कारकुनी होतें. मुलीनें पेन्सिल घेऊन धड्यांतील प्रत्येक सनावळीखालीं रेघ ओढली आणि ती ज्या वाक्यांत होती तें वाक्य कागदाच्या एका चिठ्ठीवर उतरून घेतलें. एका चिठ्ठीवर एकच घटना, हा नियम. ज्या वाक्यांत सन नव्हता त्यांच्या चिठ्ठ्या निराळ्या ठेवल्या. मग सन असलेल्या चिठ्ठ्या जमिनीवर क्रमानें मांडल्या. पहिला चमत्कार येथेंच दिसला. असे धडे सामान्यतः विषयवार लिहिलेले असतात. प्रथम राजकीय कारणें, मग आर्थिक, मग सामाजिक, मग लष्करी. त्यामुळें १८५६ सालची अयोध्या पहिल्या पानावर येते, आणि तिच्या कितीतरी आधीं घडलेल्या गोष्टी तिसऱ्या पानावर. वाचणाऱ्या मुलाच्या डोक्यांत काळाचा क्रम पानांच्या क्रमाप्रमाणें बसतो. चिठ्ठ्या सनावारीं लावतांच तो भ्रम उडाला.

दुसरी गोष्ट अशी आढळली कीं, साताऱ्याच्या वाक्यास धड्यांत एकच सन होता, १८४८. वास्तविक त्या एका आंकड्याच्या पोटांत तीन निरनिराळ्या घटना आहेत. छत्रपति शहाजी उर्फ अप्पासाहेब हे ५ एप्रिल १८४८ रोजीं वारले, आणि मरणापूर्वीं कांहीं तास आधीं त्यांनीं भोसले घराण्यांतील एक मुलगा विधिपूर्वक दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनीं राज्य खालसा करावें असा अभिप्राय लिहिला तो ३० ऑगस्ट १८४८ रोजीं. कंपनीच्या लंडनमधील संचालकांनीं त्यास संमति दिली ती जानेवारी १८४९ मध्यें, आणि तिच्या मागून राज्य प्रत्यक्ष खालसा झालें. मृत्यु, शिफारस आणि निर्णय यांस एकच सन दिला म्हणजे राजा मेल्याबरोबर राज्य आपोआप गेलें असें भासतें. तीन ओळी केल्या म्हणजे दिसतें कीं मध्यें साडेनऊ महिने गेले, आणि त्या अवधींत कोणी माणसांनीं बसून विचारपूर्वक ठरविलें. आपोआप कांहीं झालें नाहीं. म्हणून आमचा नियम असा झाला कीं, तारखेच्या रकान्यांत नुसता सन न लिहितां शक्य तेथें महिना लिहावा. एकाच सनांत दोन माणसांचीं दोन कृत्यें असतील तर ओळीही दोन कराव्या.

आतां कारणांचा रकाना. येथें बहुतेक मुलें घसरतात, आणि त्याचें मूळ भाषेंत आहे. धड्यांत “म्हणून”, “त्यामुळें”, “परिणामीं” हे शब्द असतात, तसेच “नंतर”, “पुढें”, “तेव्हां” हेही असतात. पहिले कारण सांगतात. दुसरे नुसता क्रम सांगतात. घोकतांना सर्व एकाच सुरांत म्हटले जातात, म्हणून मुलगी दुसऱ्या जातीच्या शब्दांनाही पहिल्याच जातीचें समजते. आम्हीं तिला दोन रंगांच्या पेन्सिली दिल्या. कार्यकारण सांगणारा शब्द तांबडा, नुसता क्रम सांगणारा निळा. धडा रंगवून झाल्यावर तांबडे शब्द तिच्या अपेक्षेच्या अर्ध्यावरही भरले नाहींत. “म्हणजे पुष्कळ ठिकाणीं ‘म्हणून’ मीच घातलें होतें!” असें ती स्वतःच म्हणाली.

कारणाच्या रकान्यांत कांहींही लिहिण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावयाचे असें ठरलें. ही गोष्ट घटनेच्या आधींची आहे काय? ज्यानें कृत्य केलें त्याला ती ठाऊक होती काय, व तिचा त्याच्यावर कांहीं भार होता काय? आणि ती गोष्ट वगळली तर घटना तशीच घडली असती काय? पहिला प्रश्न सोपा, दुसरा मध्यम, तिसरा कठीण. पण तिन्ही विचारल्याशिवाय रकाना भरावयाचा नाहीं.

“छत्रपति निपुत्रिक वारले” हें वाक्य या कसोटीस लावून पाहिलें. घटनेच्या आधींचें आहे. डलहौसीस ठाऊकही होतें. पण हिंदुस्थानांत राजे निपुत्रिक वारणें ही कांहीं १८४८ सालची नवी गोष्ट नव्हे. शतकानुशतकें अशा वेळीं दत्तक घेतला जाई आणि गादी चाले. मग तेंच निमित्त या खेपेस राज्य घेण्यास कां पुरें पडलें? याचें उत्तर धड्याच्या वाक्यांत नाहीं. राजाचा मृत्यु ही ठिणगी खरी; परंतु दारू आधींच कोणी तरी पसरून ठेविलेली असली पाहिजे. म्हणून कारणांच्या रकान्याचे आम्हीं दोन भाग केले. वरच्या अर्ध्यांत “निमित्त” आणि खालच्या अर्ध्यांत “मूळ कारण”. अप्पासाहेबांचा मृत्यु निमित्तांत गेला आणि मूळ कारणाची जागा रिकामी राहिली.

ही रिकामी जागा हाच या पद्धतीचा मोठा फायदा होय. गद्यांत लिहिणाऱ्याला एखादी गोष्ट गाळतां येते आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाहीं. रकान्यांत मात्र रिकामें घर डोळ्यांत सलतें. मुलांना तें पांढरें राहूं देण्याची लाज वाटते, आणि मग तीं त्यांत ‘इंग्रजांची राज्यतृष्णा’ असलें कांहीं तरी भरून टाकतात. तें खोटें नसलें तरी तें प्रत्येक घरांत सारखेंच बसतें. आणि जें सगळ्या घरांत बसतें तें कोणत्याच एका घटनेचें उत्तर नसतें. आम्हीं मुलीला सांगितलें कीं, घर रिकामें ठेव आणि त्यांत प्रश्नचिन्ह काढ.

तें प्रश्नचिन्ह घेऊन आम्ही घरांतल्या दुसऱ्या पुस्तकांकडे वळलों, आणि धड्यांत नसलेल्या तीन ओळी मिळाल्या. १८२४ सालीं कित्तूरच्या देसायांच्या निधनानंतर घेतलेला दत्तक कंपनीनें मान्य केला नाहीं, आणि राणी चन्नम्मेशीं लढाई झाली. १८३४ सालीं कंपनीच्या संचालकांनीं धोरण घालून दिलें कीं, दत्तकास मान्यता देणें सरकारच्या मर्जीवर असेल तेथें ती अपवाद म्हणूनच द्यावी, तो नियम होऊं नये. आणि १८४० च्या सुमारास, कान्होजी आंगऱ्यांच्या वंशाचें कुलाब्याचें संस्थान वारस नाहीं या सबबीवर खालसा झालें. विधवांची दत्तकाची विनंति अमान्य झाली. त्याच्या पाठोपाठ १८४१ सालीं लंडनहून सूचना आली कीं, न्याय्य वाटेनें पदरांत येणारा मुलूख सोडावयाचा नाहीं. डलहौसी कलकत्त्यास अधिकारारूढ झाले ते जानेवारी १८४८ मध्यें. अप्पासाहेबांच्या मृत्यूपूर्वीं तीन महिनेही पुरे नव्हते. तेव्हां दत्तक नामंजुरीची युक्ति डलहौसींनीं काढली, हें जें मुलें सर्रास लिहितात, तें कालक्रमाच्या पहिल्याच प्रश्नांत नापास होतें. युक्ति जुनी, ती मोठ्या आणि नांवाजलेल्या राज्यास लावण्याचें धाडस नवें. ‘डलहौसीनें सुरू केली’ याऐवजीं ‘डलहौसीनें सढळपणें वापरली’ असें लिहावें, एवढी दुरुस्ती मुलीनें आपल्या हातानें केली.

परंतु मूळ कारणाच्या घरांत अजून एक ओळ हवी होती, आणि ती आणखी मागें होती. पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ रोजीं कंपनीनें प्रतापसिंह महाराजांशीं तह करून साताऱ्याचें राज्य त्यांना व त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना दिलें. पेशव्यांच्या जागीं छत्रपतींचें नांव पुढें आलें तर मराठी मुलूख शांत राहील, हा त्यांतला हिशोब होता. परंतु ‘वारस’ या शब्दांत दत्तक पुत्र येतो कीं नाहीं, हें तहांत स्पष्ट केलेलें नव्हतें. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक हा पुत्रच. कंपनीचें म्हणणें असें पडलें कीं, राज्य आम्ही दिलेलें, तेव्हां त्याचा दत्तक आमच्या संमतीवांचून गादीस लागत नाहीं. मुंबई सरकारांतही यावर एकमत नव्हतें. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचें मत दत्तकास मान्यता द्यावी असें होतें. त्यांच्या कौन्सिलांतील विलोबी यांनीं राज्य खालसा करण्याच्या बाजूनें लांबलचक टिपण लिहिलें. क्लार्क मे १८४८ च्या आरंभीं पदावरून गेले, त्यांच्या जागीं लॉर्ड फॉकलंड आले, आणि पारडें फिरलें.

येथवर येतांच आजोबा खुर्ची ओढून जवळ बसले. “आणि एकोणचाळीस साल? तें कोठें घालणार?” खरोखर साऱ्या घराचें लक्ष आतां तिकडेच होतें.

सप्टेंबर १८३९ मध्यें कंपनीनें प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलें. तह मोडून कंपनीविरुद्ध कारस्थानें केलीं असा आरोप होता आणि महाराजांनीं तो अखेरपर्यंत नाकारला. त्यांचे बंधु अप्पासाहेब गादीवर आले आणि महाराज काशीस गेले. आजोबांचें म्हणणें कीं, १८४९ चें मूळ कारण हेंच. तें कारणांच्या रकान्यांत लिहिण्यापूर्वीं आम्हीं तिन्ही प्रश्न क्रमानें घेतले. गोष्ट आधींची आहे. सर्वांस ठाऊक होती. पण तिसऱ्या प्रश्नाशीं आम्ही अडलों. महाराज पदच्युत झाले नसते तर राज्य वांचलें असतें काय?

प्रतापसिंह महाराज काशीस ऑक्टोबर १८४७ मध्यें वारले, म्हणजे बंधूंच्या आधीं जेमतेम सहा महिने. त्यांनाही औरस पुत्र नव्हता. त्यांनींही दत्तकच घेतला होता. म्हणजे ते साताऱ्याच्या गादीवरच वारले असते तरी दत्तकाचा हाच प्रश्न सहा महिने अगोदर कंपनीपुढें आला असता. १८३४ आणि १८४१ चें धोरण तें होतेंच. हें ऐकून आजोबा गप्प झाले, आणि पुतणीला आपण जिंकल्यासारखें वाटलें असावें.

तेवढ्यांत तीच तारखांच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, “पण काका, ऑक्टोबर सत्तेचाळीसमध्यें डलहौसी आलेच नव्हते ना? आणि क्लार्कसाहेब तर मुंबईस होते!”

खरेंच. त्या महिन्यांत कलकत्त्यास लॉर्ड हार्डिंज होते आणि मुंबईस दत्तकास अनुकूल असलेले क्लार्क. तोच कागद सहा महिने आधीं, दुसऱ्या माणसांच्या टेबलावर गेला असता, तर त्यावर कोणता शेरा पडला असता? याचें उत्तर कोणतेंही कोष्टक देऊं शकणार नाहीं. तिसऱ्या प्रश्नाची मर्यादा हीच आहे. न घडलेल्या गोष्टीचा निकाल तो देत नाहीं. नेमकी शंका कोठें आहे तें मात्र दाखवितो. मुलीनें त्या घरांत १८३९ लिहून पुढें प्रश्नचिन्ह काढलें. आजोबांनीं तें मान्य केलें. “चालेल. पुसून टाकण्यापेक्षां प्रश्नचिन्ह बरें,” असें ते म्हणाले.

मात्र १८३९ ची खरी जागा आम्हांस परिणामांच्या रकान्यानें दाखविली. या रकान्याचा नियम असा कीं, परिणामास स्वतःची तारीख असलीच पाहिजे, आणि ज्याला तारीख मिळते तो स्वतः घटना होऊन खालीं नवी ओळ मागतो. महाराजांना पदच्युत केल्याचा परिणाम म्हणून त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागण्यास लंडनला गेले आणि सुमारें १४ वर्षे तेथें झगडत राहिले. त्यांचे धनी वारले, राज्य खालसा झालें, तरी त्यांनीं दाद मागणें सोडलें नाहीं. ते निराश होऊन परतल्यावर सत्तावन सालीं साताऱ्यास उठावाची जी गुप्त तयारी झाली, तिच्यामागें मुख्य माणूस तेच. कट फुटला. ते निसटले ते कायमचे अदृश्य झाले. परंतु ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहान्त शिक्षा झाली, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम हाही होता. आजोबांची गोष्ट खोटी नव्हती. ती चुकीच्या ओळींत उभी होती. राज्य कां गेलें, या ओळींत ती संशयित आहे. सातारा कां उठला, या ओळींत ती निःसंशय आहे.

त्या दोन संध्याकाळींचें फलित म्हणजे पुढील कोष्टक. तें पूर्ण नाहीं, साताऱ्यापुरतेंच आहे. कंसांतील आंकडा म्हणजे त्या ओळीकडे पाहावें.

| ओळ | तारीख | घटना | कारणें | परिणाम |
|---|---|---|---|---|
| १ | २५ सप्टेंबर १८१९ | कंपनी व प्रतापसिंह महाराज यांचा तह | पेशवाईचा अंत. मुलूख शांत ठेवण्याची गरज | राज्य कंपनीनें ‘दिलेलें’ ठरलें. दत्तकाविषयीं संदिग्धता (५) |
| २ | १८३४ व १८४१ | दत्तकास मान्यता अपवाद. मुलूख सोडूं नये, अशीं लंडनचीं धोरणें |? | दत्तक नाकारण्यास आधार (५) |
| ३ | सप्टेंबर १८३९ | प्रतापसिंह पदच्युत | तह मोडल्याचा आरोप. महाराजांचा नकार | रंगो बापूजी लंडनला (६) |
| ४ | ५ एप्रिल १८४८ | अप्पासाहेबांचा दत्तक व मृत्यु | आजार. औरस पुत्र नाहीं | वारसाचा प्रश्न (५) |
| ५ | ऑगस्ट १८४८ ते १८४९ | डलहौसींची शिफारस, लंडनची संमति, राज्य खालसा | निमित्त (४), मूळ (१), (२), (३)? | जहागिरदार थेट इंग्रजांकडे. असंतोष (६) |
| ६ | १८५७ | साताऱ्याचा कट; गेंडामाळावरील शिक्षा | (३), (५) | १८५८ चा जाहीरनामा, उत्तरेच्या उठावासह |

या कागदावरून कोणास दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक ही कीं, कारणांच्या रकान्यांत वाक्यांपेक्षां आंकडे अधिक आहेत. वरच्या ओळीचा परिणाम खालच्या ओळीचें कारण असेल तर तो पुन्हां लिहावयाचा नाहीं. ओळीचा क्रमांक घालावयाचा. एकच वाक्य दोन रकान्यांत उतरूं लागलें म्हणजे समजावें कीं मूल विचार करीत नाहीं, घरें भरीत आहे. दुसरी गोष्ट ही कीं, शेवटच्या ओळीच्या परिणामांत ‘उत्तरेच्या उठावासह’ असे शब्द आहेत. १८५८ चा राणीचा जाहीरनामा एकट्या साताऱ्यानें घडवून आणला नाहीं. परिणामास अनेक आईबाप असतात, आणि आपल्या गांवचा अभिमान असला तरी दुसऱ्यांचा वांटा दाखविणें हें प्रामाणिकपणाचें आहे.

परिणामांच्या रकान्यांत आणखी एक दोष वारंवार दिसतो. कोष्टकाचा शेवट सत्तावनांत होणार हें आधींच ठाऊक असल्यामुळें मूल प्रत्येक ओळीपुढें ‘१८५७ चा उठाव’ असें लिहून मोकळें होतें. आमच्या पुतणीनेंही प्रथम झांशी, नागपूर आणि अयोध्या या तिन्ही ओळींत तेंच लिहिलें, आणि तिहींचें कारण ‘दत्तक नामंजूर’ असें दिलें. तारखा लावल्यावर फरक निघाला. झांशी १८५४ सालीं गेली, आणि तेथें दत्तक घेतलेला होता. नागपूरही १८५४ सालींच गेलें, पण तेथें राजांनीं हयातींत दत्तक घेतलाच नव्हता. अयोध्या १८५६ सालीं गेली, आणि तिचा दत्तकाशीं कांहींच संबंध नव्हता. तेथें सबब गैरकारभाराची होती. तीन राज्यें एका वाक्यांत बसवितांना तीन कारणांचें एक कारण होऊन गेलें होतें. ही चूक धरण्याची सोपी युक्ति अशी कीं, कारणांचा रकाना हातानें झांकावा आणि नुसती घटना वाचून मुलाला विचारावें, “हीच गोष्ट येथें कां, शेजारीं कां नाहीं?” उत्तर शेजारच्या ओळीसही लागू पडत असेल तर तें अपुरें आहे.

शेजाऱ्यांचाच विषय निघाला, म्हणून शेवटची ओळ आम्हीं सांगलीची घातली. आजोबांनीं विचारलें होतें, “साताऱ्याचें तुम्हीं एवढें लिहिलेंत, तुमच्या सांगलीचें काय?” वास्तविक सांगलीच्या पटवर्धनांवरही तोच प्रसंग आला, मात्र पन्नास वर्षांनीं. संस्थानाधिपति धुंडिराव उर्फ तात्यासाहेब १९०१ सालीं वारले, आणि त्यांच्यामागें पुत्र नव्हता. साताऱ्याचा न्याय लागता तर संस्थान त्याच वर्षीं संपतें. परंतु १९०३ सालीं पटवर्धन घराण्यांतीलच मुलाला चिंतामणराव या नांवानें गादीवर बसविण्यांत आलें, आणि संस्थान पुढें चाललें. निमित्त तेंच, परिणाम उलटा. मधल्या काळांत काय बदललें, याचें उत्तर सहाव्या ओळींत आहे. १८५८ च्या जाहीरनाम्यानें संस्थानिकांशीं झालेले करार पाळण्याचें व अधिक मुलूख न घेण्याचें अभिवचन दिलें, आणि १८६२ सालीं लॉर्ड कॅनिंग यांनीं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. साताऱ्यासारखें राज्य गिळलें, त्याची किंमत काय पडते हें इंग्रजांस सत्तावनांत कळलें. त्या किंमतीचा लाभ पुढें ज्यांना झाला त्यांत सांगलीही होती.

हें ऐकून पुतणीनें जें म्हटलें तें आम्ही विसरणार नाहीं. “म्हणजे आजोबा, तुमच्या गेंडामाळावरचीं माणसें आमच्या सांगलीच्या ओळीच्याही कारणांत येतात.” आजोबांनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. तिच्या पाठीवरून हात मात्र फिरविला.

कोष्टक तेथेंच थांबवावें असें आम्हीं म्हटलें, पण तिला आतां नाद लागला होता. तिनें खालीं आणखी तीन तारखा लिहिल्या. मार्च १९४८ मध्यें सांगली संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेलीं संस्थानें मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. आणि १९६० सालीं त्याचें नांव सांगली झालें. साताऱ्याच्या छत्रपतींच्या हाताखालची जतची जहागीर १८४९ नंतर थेट इंग्रजांकडे गेली होती. आज जत तालुका सांगली जिल्ह्यांत आहे. म्हणजे आमच्या पत्रावर जिल्ह्याचें जें नांव लिहितों, तेंही कोणत्या तरी ओळीच्या परिणामांत सांपडतें. कारणांच्या रकान्यांत तिनें येथें एकही ‘म्हणून’ घातलें नाहीं. “हें नुसतें ‘नंतर’ आहे, तांबड्या पेन्सिलीपुरतें मला अजून ठाऊक नाहीं,” असें म्हणून तिन्ही ओळी निळ्या ठेवल्या. इतिहासाची समज आली असें आम्हांस खरें वाटलें तें त्या निळ्या रेघांवरून.

ज्यांना हा प्रयोग घरीं करावयाचा असेल त्यांनीं सबंध पुस्तक घेऊं नये. एक धडा, आणि त्यांतलेंही एकच गांव किंवा एकच राज्य पुरे. सहा-सात ओळींपेक्षां अधिक झाल्या कीं क्रमांकांचे दुवे तुटतात आणि कागद पुन्हां घोकण्याची वस्तु होतो. कोष्टक मोठ्या माणसानें तयार करून मुलाच्या हातीं देण्यांत तर कांहींच अर्थ नाहीं, कारण लाभ आहे तो चिठ्ठी कोणत्या घरांत ठेवावी या घोटाळ्यांत. आणि हेंही खरें कीं, सारेंच रकान्यांत मावत नाहीं. रंगो बापूजींचीं परक्या देशांतलीं चौदा वर्षे कोष्टकांत तीन शब्दांत आटोपतात. ती गोष्ट सांगण्यास आजोबाच लागतात.

परीक्षेंत तिनें काय लिहिलें, हें वाचकांस जाणावेंसें वाटेल. पुस्तकांतलें उत्तर तिनें लिहिलें, पण ‘म्हणून’ या शब्दाच्या जागीं ‘हें निमित्त होऊन’ असें घातलें, आणि पुढें १८१९ चा तह व १८३४ चें धोरण यांचीं दोन वाक्यें जोडलीं. गुण पुरे मिळाले. उत्तरपत्रिका घरीं आल्यावर तिनें ती प्रथम साताऱ्यास आजोबांना दाखविली. १८३९ पुढचें प्रश्नचिन्ह तिनें परीक्षेंत लिहिलें नव्हतें. तें घरच्या कागदावर अजून तसेंच आहे.